तक्त्यातला आकडा कुणाची तुलना कुणाशी करतो?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवत राहिले. म्हणून आज मी एकच तक्ता घेऊन आलो आहे. पूर्ण व्याख्यान त्या एका तक्त्यावर होईल.

सामाजिक शास्त्रांच्या परिषदांत एक क्षण हमखास येतो. वक्ता पडद्यावर रिग्रेशनचा तक्ता दाखवतो. चार-सहा रकाने, दहा-बारा ओळी, प्रत्येक आकड्याखाली कंसात आणखी एक आकडा, काहींच्या डोक्यावर तारे. वक्ता म्हणतो, "परिणाम ठळक आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे," आणि पुढची स्लाइड येते. शेवटी "काही प्रश्न?" असं विचारलं जातं. सभागृह गप्प. ज्यांना हे गणित येतं ते विचारतात. बाकीच्यांना वाटतं, हे आपलं क्षेत्र नाही. मला हे मान्य नाही. त्या तक्त्याला विचारायचे सगळ्यांत कठीण प्रश्न गणिताचे नसतात. ते एकाच प्रश्नाची रूपं असतात : हा आकडा कुणाची तुलना कुणाशी करतो आहे?

तक्ता अमेरिकेतला आहे. प्रश्न मात्र प्रत्येक आईवडिलांचा आहे : महागड्या, नामांकित खासगी कॉलेजात शिकलं तर पुढे जास्त पैसे मिळतात का? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन संशोधकांनी २००२ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. १९७६ साली अमेरिकेतल्या ३० निवडक महाविद्यालयांत दाखल झालेले विद्यार्थी त्यांनी घेतले, आणि जवळपास वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांची मिळकत किती होती ते पाहिलं. त्याच माहितीवरून जोशुआ अँग्रिस्ट आणि यॉर्न-श्टेफेन पिश्के यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात खासगी विरुद्ध सरकारी कॉलेज असा तक्ता मांडला. मी बोलणार आहे तो या तक्त्याबद्दल. त्यात १४,२३८ माणसं आहेत.

पहिल्या रकान्यात "खासगी कॉलेज" या ओळीसमोर आकडा आहे ०.२१२. या आकड्याला सहगुणक म्हणतात. पण ०.२१२ काय? डॉलर? टक्के? पहिला प्रश्न हाच विचारायचा, आणि तो विचारताना कुणीही संकोच करू नये. इथे मिळकत थेट डॉलरमध्ये घेतलेली नाही, तिचा लॉगॅरिदम घेतला आहे. अशा वेळी सहगुणक ढोबळमानाने टक्क्यांतला फरक सांगतो : ०.०५ म्हणजे जवळजवळ ५ टक्के. आकडा मोठा झाला की ही सोय कमी पडते. ०.२१२ म्हणजे २१ नव्हे, सुमारे २४ टक्के. याच तक्त्यात "स्त्री" या ओळीसमोर उणे ०.३९८ आहे. घाईत कुणी ४० टक्के कमी असं वाचेल, पण नीट हिशेब केला तर ३३ टक्के निघतात. सात टक्क्यांची चूक एका स्लाइडवर सहज खपून जाते.

मग ०.२१२ चं साधं मराठी काय? या नमुन्यात खासगी कॉलेजात शिकलेल्यांची मिळकत सरकारी विद्यापीठात शिकलेल्यांपेक्षा सरासरी २४ टक्के जास्त होती. एवढंच. खासगी कॉलेजमुळे ती जास्त होती, असं हा रकाना कुठेही म्हणत नाही. तो दोन गर्दींची तुलना करतो, आणि या दोन गर्दी कॉलेजच्या पहिल्या दिवशीही सारख्या नव्हत्या.

हे मी हवेत बोलत नाही. किती सारख्या नव्हत्या हे मोजलेलं आहे. अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा असते. तेव्हा ती कमाल १६०० गुणांची होती. खासगी कॉलेजात गेलेल्यांचे सॅटचे गुण सरकारीत गेलेल्यांपेक्षा सरासरी ११७ ने जास्त होते. घरची मिळकतही जास्त होती. आपल्याकडे क्लासच्या जाहिरातीत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो असतात. क्लासने त्यांना हुशार केलं की हुशार मुलं त्या क्लासला गेली, हा प्रश्न तुम्ही आम्ही सगळेच विचारतो. पहिल्या रकान्याला विचारायचा प्रश्न तोच आहे.

आता दुसरा रकाना. संशोधक म्हणतात, आम्ही सॅटचे गुण "कंट्रोल" केले. म्हणजे काय केलं? गुण सारखे असलेल्या मुलांमध्येच खासगी आणि सरकारी अशी तुलना केली. आणि ०.२१२ चा आकडा उतरून ०.१५२ झाला. ०.०६० कुठे गेले?

इथे मी जरा थांबणार आहे, कारण या वजाबाकीत या शास्त्राचा कणा आहे. ते ०.०६० नेमके कुठून आले होते ते दाखवता येतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, खासगी कॉलेजवाल्यांचे गुण किती जास्त होते? शेकड्यांत सांगायचं तर १.१६५. दोन, कॉलेजचा प्रकार तोच ठेवून सॅटचे शंभर गुण वाढले तर मिळकत किती जास्त दिसते? ०.०५१. आता गुणाकार करा : १.१६५ गुणिले ०.०५१, म्हणजे सुमारे ०.०५९. दशांशांच्या कसरीपुरता फरक सोडला तर हेच ते हरवलेले ०.०६०. पहिल्या रकान्यात कॉलेजच्या नावावर जमा झालेले हे गुण मुळात परीक्षेचे होते.

या गुणाकारातून सभागृहात बसून विचारता येईल असा प्रश्न मिळतो. कुणी तुम्हाला म्हणालं, "यांनी अमुक गोष्ट कंट्रोल केली नाही, म्हणून निष्कर्ष फोल आहे," तर लगेच मान डोलवू नका. त्या राहिलेल्या गोष्टीबद्दल दोन्ही बाजू विचारा. तिचा मिळकतीशी संबंध आहे का? आणि तुलनेतल्या दोन गटांत तिचं प्रमाण वेगळं आहे का? दोहोंपैकी एक जरी शून्य असेल तर गुणाकार शून्य होतो आणि सहगुणक जागचा हलत नाही. समजा, डोळ्यांचा रंग दोन्ही गटांत वेगळा निघाला, पण मिळकतीशी त्याचा काही संबंध नाही. मग तो कंट्रोल केला काय आणि न केला काय. उलट दोन्ही बाजू भरभक्कम असतील, तर आक्षेप खरा आहे. दोन्हींची चिन्हं पाहिली तर सहगुणक फुगला आहे की आकसला आहे, हेही सांगता येतं. प्रश्नकर्त्याने एवढं सांगितलं, तर वक्त्याला खरं उत्तर द्यावं लागतं.

तिसऱ्या रकान्यात घरची मिळकत, वंश, स्त्री-पुरुष, शाळेतला क्रमांक, खेळाडू होता का, हे सगळं आलं. आकडा ०.१३९ वर आला. म्हणजे अजूनही १५ टक्के. इथे बरेच निबंध थांबतात. यादी लांब आहे, तारा अजून शाबूत आहे, निष्कर्ष लिहून टाकला जातो. पण लांब यादी म्हणजे चांगली तुलना नव्हे. सारखे गुण, सारखं घर, सारखी शाळा असलेल्या दोन मुलांपैकी एक खासगीत गेला आणि दुसरा सरकारीत, का? त्या "का"मध्ये महत्त्वाकांक्षा असेल, मुलाखतीत पडलेली छाप असेल, शिक्षकांनी दिलेलं शिफारसपत्र असेल. यांतलं काहीही तक्त्यात नाही, आणि कधी येणारही नाही.

डेल आणि क्रूगर यांची कल्पना इथे कामाला येते, आणि ती मला फार सुंदर वाटते. मुलाची महत्त्वाकांक्षा आपल्याला मोजता येत नाही. पण मुलाला स्वतःबद्दल काय वाटतं ते तो एका कागदावर लिहून देतो : प्रवेशअर्ज. कुठे कुठे अर्ज केले यावरून त्याची उडी कळते. कुठे प्रवेश मिळाला यावरून प्रवेश समितीने त्याच्यात काय पाहिलं ते कळतं. शिफारसपत्र आपण वाचलेलं नसतं, समितीने वाचलेलं असतं. तेव्हा ज्यांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केले आणि ज्यांना सारखेच होकार आणि नकार आले, त्यांचीच तुलना करायची. समजा, दोन मुली आहेत. दोघींनी एका खासगी आणि एका सरकारी ठिकाणी अर्ज केला, दोघींना दोन्हीकडे प्रवेश मिळाला. एक खासगीत गेली, दुसरी सरकारीत. आता वीस वर्षांनी दोघींची मिळकत पाहा.

तक्त्याच्या चौथ्या रकान्यात याच कल्पनेचं सोपं रूप आहे : अर्ज केलेल्या कॉलेजांचा सरासरी दर्जा आणि अर्जांची संख्या. तेवढं कंट्रोल केल्यावर ०.२१२ पासून निघालेला आकडा ०.०३४ वर येतो. त्यात गुण, घर, शाळा असं सगळं पुन्हा घातलं तर शेवटच्या रकान्यात ०.०३७. पहिले तीन रकाने पायऱ्या उतरत होते, आणि शेवटचे तीन जवळजवळ एकाच जागी उभे आहेत.

ते एका जागी का उभे राहिले, याचं उत्तर मघाच्या गुणाकारात आहे. अर्जांची माहिती कंट्रोल केल्यावर खासगी आणि सरकारी मुलांच्या सॅटमधला फरक ११७ गुणांवरून जेमतेम ७ गुणांवर येतो. गुणाकारातली एक बाजू जवळजवळ शून्य झाली, म्हणून सॅट घाला नाहीतर काढा, आकडा हलत नाही. ज्या गोष्टी दिसतात त्यांत तरी दोन्ही गट सारखे झाले. न दिसणाऱ्या गोष्टींतही सारखे झाले, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. दोन्हीकडे प्रवेश मिळालेली मुलगी सरकारीत का गेली? शिष्यवृत्ती मिळाली, घर जवळ पडत होतं, मैत्रीण तिकडे गेली, वडील आजारी होते. ही कारणं पुढच्या मिळकतीशी असंबद्ध आहेत असं आपण धरतो. ते गृहीतक आहे, आणि वक्त्याने ते बोलून दाखवलं पाहिजे. त्यातल्या त्यात एक दिलासा असा की, राहिलेला कल असलाच तर बहुधा जास्त ईर्षा असलेल्या मुली खासगीकडे गेल्या असतील. तसं असेल तर ०.०३७ हाही फुगलेलाच आकडा आहे.

एक धोका सांगून पुढे जातो. प्रश्नोत्तरांत कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही व्यवसाय कंट्रोल केला का? पदव्युत्तर शिक्षण कंट्रोल केलं का?" प्रश्न शहाणपणाचा वाटतो आणि वक्ता घाबरून म्हणतो, "पुढच्या निबंधात करतो." करू नका! व्यवसाय कॉलेजनंतर ठरतो. खासगी कॉलेजने कुणाला वकील केलं असेल, तर वकिली हा त्या कॉलेजच्या परिणामाचाच भाग आहे. वकिलांची वकिलांशी आणि शिक्षकांची शिक्षकांशी तुलना केली, की जे मोजायला निघालो तेच पुसून टाकलं. शिवाय दुसरं एक नुकसान होतं, ते चटकन दिसत नाही. खासगी कॉलेजमधून सहज वकील झालेली मुलगी आणि सरकारीतून झगडून वकील झालेली मुलगी, या दोघींना "सारख्या" म्हणून शेजारी बसवलं, तर दुसरीची जिद्द कदाचित पहिलीपेक्षा जास्त निघेल. सुरुवातीला सारखे असलेले गट आपणच असमान केले. म्हणून प्रत्येक कंट्रोलबद्दल एक तारीख विचारा : ही गोष्ट कॉलेजला जाण्याआधी ठरली होती की नंतर? स्त्री-पुरुष वेतनफरकाच्या चर्चेत हुद्दा कंट्रोल करून "फरक उरतच नाही" म्हणणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारायचा. हुद्दा देतानाच भेदभाव झाला असेल तर?

आता कंसातला आकडा. ०.०३४ च्या खाली कंसात ०.०६२ आहे. ही प्रमाण त्रुटी. दुसरा नमुना हाती आला असता तर आपला आकडा साधारण किती इकडेतिकडे झाला असता, याचा तो अंदाज. तिच्या दुपटीइतकं दोन्ही बाजूंना सरकलं की जी पट्टी मिळते, तिच्यातली कुठलीही किंमत या माहितीशी विसंगत नाही. ०.०३४ भोवती ती पट्टी साधारण उणे ०.०९ ते अधिक ०.१६ अशी पसरते. तारा नाही, म्हणून वक्ता म्हणतो, "खासगी कॉलेजचा परिणाम नाही." पण याच पट्टीत १५ टक्क्यांचा फायदाही बसतो! चौथा रकाना एकटा घेतला तर तो फक्त एवढंच म्हणतो की मला नीट दिसत नाही.

मग दिसतं कुठे? संशोधकांनी अर्ज, होकार आणि नकार तंतोतंत जुळवून पाहिलेला दुसरा तक्ताही आहे. तिथे १५१ गटांत ५,५८३ विद्यार्थी उरतात, कारण ज्या गटातले सगळेच खासगीत किंवा सगळेच सरकारीत गेले, त्या गटात तुलना करायला समोर कुणी नाही. त्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ०.०१३ आहे आणि कंसात ०.०२५. पट्टी आता उणे ०.०४ ते अधिक ०.०६. इथे १५ टक्के बसत नाहीत. मोठा परिणाम इथे खरोखर बाद होतो. २-३ टक्क्यांचा होत नाही. दोन्ही तक्त्यांत त्या आकड्यावर तारा नाही, पण दोन्हींवरून म्हणता येण्याजोगं वाक्य वेगळं आहे. तारे मोजू नका, पट्टी विचारा.

वाक्यांचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा रेंगाळू या. पहिल्या रकान्यावरून लिहायचं वाक्य : खासगीत शिकलेल्यांची मिळकत २४ टक्के जास्त आढळली. तिसऱ्यावरून : गुण आणि घरची परिस्थिती सारखी असलेल्यांतही १५ टक्क्यांचा फरक उरतो. शेवटच्यावरून : सारख्या ठिकाणी अर्ज केलेल्यांत जे खासगीत गेले आणि जे सरकारीत गेले, त्यांच्या मिळकतीत मोठा फरक आढळला नाही. त्यांची अंतिम निवड मिळकतीच्या इतर कारणांशी निगडित नव्हती असं धरलं, तर खासगी कॉलेजमुळे मिळकतीत मोठी वाढ झाली नाही असं म्हणता येईल. पाहा, "मुळे" हा प्रत्यय मी शेवटच्या वाक्यात वापरला, आणि वापरताना अट सोबत ठेवली. वृत्तपत्राच्या मथळ्यात पहिली गळते ती अटच. "वाढवते", "घडवते", "परिणाम करते", "लाभ होतो" ही क्रियापदंही "मुळे"चीच भावंडं आहेत. ती दिसली की अट कुठे आहे ते शोधा.

आणि एक चूक जाणकारांकडूनही होते. ज्या तुलनेसाठी एवढी काळजी घेतली, ती फक्त एका ओळीसाठी घेतली होती. बाकीच्या ओळी त्या कामात मदतीला आल्या आहेत. तरी वक्ता त्या ओळी वाचू लागतो : "आणि पाहा, सॅटचा परिणाम इतका, घरच्या मिळकतीचा इतका." अर्जांची यादी कंट्रोल केल्यावर शेवटच्या रकान्यात सॅटचा सहगुणक ०.००९ उरतो. म्हणून परीक्षेच्या गुणांना काही किंमत नाही, असं म्हणायचं का? मुळीच नाही. चांगले गुण असलेली मुलं उंच ठिकाणी अर्ज करतात. गुणांचं बरंचसं काम अर्जांच्या ओळीत गेलं. स्त्रियांच्या ओळीतल्या उणे ०.३९८ चंही तसंच. तो फरक खरा आहे, दुखणारा आहे, पण त्याची कारणं शोधण्यासाठी हा तक्ता रचलेला नव्हता.

आता शेवटचा प्रश्न. तो तक्त्याच्या आकड्यांत नसतो, खालच्या बारीक अक्षरांतल्या टिपेत असतो : यात कोण आहे, आणि कोण नाही?

"सरकारी" हा शब्द ऐकून आपण काय समजतो? या ३० संस्थांत सरकारी फक्त चार होत्या : मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना, पेन स्टेट आणि ओहायोतलं मायामी विद्यापीठ. चारही नावाजलेली. म्हणजे हा तक्ता उत्तम खासगीची तुलना उत्तम सरकारीशी करतो. गल्लीतल्या कुठल्याही कॉलेजात गेलं तरी चालतं, असा अर्थ यातून काढणाऱ्याने टीप वाचलेली नाही. आणि सरासरीत वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. गरीब घरातून आलेल्यांना निवडक कॉलेजचा फायदा झालेला मूळ निबंधातच दिसला होता. २०१४ साली डेल आणि क्रूगर यांनी सरकारी नोंदींतली मिळकत घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांना, आणि ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते त्यांनाही तो दिसला.

टिपेत आणखी एक अट होती. मिळकत मोजली ती १९९५ मध्ये पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांची. अट निरुपद्रवी वाटते. अर्धवेळ काम करणाऱ्याची मिळकत पूर्णवेळवाल्याशी कशाला तोलायची? पण मघाची तारीख इथे विचारा. पूर्णवेळ नोकरी करायची की नाही, हे कॉलेजआधी ठरतं की नंतर? नंतर. म्हणजे ही अटही मागल्या दाराने आलेला एक कंट्रोलच आहे, आणि तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. १९७६ च्या तुकडीतल्या पुरुषांपैकी बहुतेक जण ३७-३८ व्या वर्षी पूर्णवेळ काम करत होते. स्त्रियांमध्ये तसं नव्हतं.

सुचिन ग, एलियट आयझॅक आणि अमालिया मिलर यांनी हीच तुकडी घेऊन ही अट काढून टाकली. कॉलेजचा दर्जा त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या सरासरी सॅटवरून मोजला, आणि अर्जांचीच युक्ती वापरली. पुरुषांच्या मिळकतीत तेव्हाही काही दिसलं नाही. स्त्रियांमध्ये मात्र सरासरी १०० गुणांनी वरच्या कॉलेजात गेलेल्यांची मिळकत सुमारे १४ टक्के जास्त निघाली. हा फरक मुख्यतः तासाच्या वाढीव दरातून आला नव्हता. त्या स्त्रिया कामात टिकून राहिल्या होत्या, जास्त काम करत होत्या, म्हणून आला होता. याच स्त्रियांनी उच्च पदव्याही अधिक घेतल्या. कॉलेजने त्यांच्या आयुष्यात काहीतरी बदललं होतं, आणि तो बदल ज्या दारातून आत येत होता, तेच दार पूर्णवेळ नोकरीच्या अटीने बंद केलेलं होतं.